स्लॅब भरण्याआधी क्लॅश पकडा: पाईप, डक्ट आणि बीम मॉडेलमध्ये कसे जुळवायचे

सांगली-साताऱ्याकडं हॉस्पिटल, हॉटेल, कॉलेजच्या इमारती यांची कामं आता मॉडेलवर व्हायला लागली आहेत. एसीचे आणि प्लंबिंगचे सल्लागार पुण्याचे, स्ट्रक्चरवाले कोल्हापूरचे, आणि सगळ्यांची मॉडेलं एकावर एक ठेवून जुळवायचं काम मात्र वालचंदमधून नाहीतर कराडच्या गव्हर्न्मेंट कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या मुला-मुलीकडं येतं. क्लासमध्ये डक्ट कसा काढायचा ते शिकवलेलं असतं. तो कुठल्या उंचीवर काढायचा आणि मध्ये बीम आला तर कुणी सरकायचं, हे तिथं कुणी सांगत नाही. या लेखात तेवढंच आहे.

मी रेव्हिट आणि नेव्हिसवर्क्स धरून लिहितोय, कारण आपल्याकडं बहुतेक ऑफिसांत तेच आहे. सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी उंचीचा हिशोब बदलत नाही.

उदाहरणासाठी सांगली-मिरज रस्त्यावरचं एक तीन मजली हॉस्पिटल धरू. पहिल्या मजल्यावर मधोमध २.४ मीटर रुंद पॅसेज आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. पॅसेजच्या दोन्ही भिंतींवर लांबीच्या दिशेनं बीम आहेत आणि दर चार मीटरवर एक आडवा बीम पॅसेज ओलांडतो. सगळे बीम २३० × ६०० मिलिमीटरचे.

१. हातात काय काय पाहिजे

- आर्किटेक्टचं मॉडेल किंवा निदान प्लॅन, सेक्शन आणि फॉल्स सीलिंगचं ड्रॉइंग
- स्ट्रक्चरचं मॉडेल. ते नसेल तर फ्रेमिंग प्लॅन आणि बीमचं शेड्यूल, दोन्ही एकाच रिव्हिजनचे
- एसीवाल्यांकडून डक्टचे साईज आणि इन्सुलेशनची जाडी
- प्लंबिंगवाल्यांकडून पाईपचे साईज, ढाळ आणि शाफ्टच्या जागा
- फायर लाईन आणि केबल ट्रे यांचे साईज
- रेव्हिट, आणि क्लॅश टेस्टसाठी नेव्हिसवर्क्स मॅनेज. नेव्हिसवर्क्स सिम्युलेटमध्ये `Clash Detective` नाही, त्यामुळं लायसन्स घेताना नाव नीट बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच कामांत स्ट्रक्चरचं मॉडेल मिळतच नाही, पीडीएफ येते. मग बीम आपल्यालाच उभे करावे लागतात. तिथं पहिला खड्डा हा की प्लॅनवर बीमची फक्त रुंदी दिसते, खोली शेड्यूलमध्ये असते, आणि शेड्यूल सुधारून आलं तरी प्लॅन जुनाच फिरत राहतो. दोन्हींवरची रिव्हिजन आणि तारीख ताडून बघितल्याशिवाय एकही बीम काढू नका. बीम स्लॅबच्या खाली आहे की वर उलटा घेतलाय, आणि टॉयलेटचा स्लॅब खाली बसवलाय का, हे दोन प्रश्न फोन करून विचारा. ड्रॉइंगवर त्याची टीप एखाद्या कोपऱ्यात असते आणि नजरेतून सुटते.

२. बीमखालची जागा आधी कागदावर मोजा

मॉडेल उघडण्याआधी एक सेक्शन हातानं काढा. आपल्या पॅसेजचा हिशोब असा. पहिल्या मजल्याची फरशी शून्य धरू. सगळी मापं मिलिमीटरमध्ये.

```
वरच्या मजल्याची फरशी             ३६००
फरशी व बेड ५० वजा, स्लॅबचा माथा    ३५५०
स्लॅब १५० वजा, स्लॅबचा तळ         ३४००
बीम ६०० (स्लॅब धरून), बीमचा तळ    २९५०
प्लास्टर व शटरिंगचा फुगवटा २५      २९२५
फॉल्स सीलिंगचा तळ               २४००
सीलिंगची फ्रेम व दिवे १००         २५००
वापरायला मिळणारी पट्टी            ४२५
```

म्हणजे छत ३.६ मीटरवर असलं तरी सलग धावणाऱ्या लाईनला फक्त ४२५ मिलिमीटर मिळतात. दोन आडव्या बीमच्या मध्ये मात्र स्लॅबपर्यंत रिकामी जागा आहे, जवळपास पाऊण ते एक मीटर उंचीची. या जागेला मी पुढं खण म्हणेन. लांब जाणाऱ्या लाईन पट्टीतून न्यायच्या, आणि एका लाईनला दुसरीवरून उडी मारायची असेल तर ती खणात मारायची. हे डोक्यात पक्कं असलं तर निम्मे क्लॅश मुळात तयारच होत नाहीत.

ते २५ मिलिमीटर काढून टाकायचा मोह आवरा. मॉडेलमधला बीम पट्टीनं आखलेला असतो. साईटवरच्या बीमची शटरिंग थोडी बसते, पोट थोडं खाली येतं, वर प्लास्टर चढतं.

३. मॉडेल एकमेकांवर बसवणे

रेव्हिटमध्ये आपली फाईल वेगळी ठेवून आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चर `Link Revit` नं जोडा. सगळ्यांनी शेअर्ड कोऑर्डिनेट ठरवले असतील तर `Auto - By Shared Coordinates`, नाहीतर `Auto - Internal Origin to Internal Origin`. माऊसनं ओढून, नजरेनं जुळवून बसवू नका. नवी रिव्हिजन आली की ती जुळणी पुन्हा करावी लागते आणि दर वेळी थोडी वेगळी होते.

ग्रिड आणि लेव्हल `Copy/Monitor` नं घ्या. इथला सापळा लेव्हलचा आहे. आर्किटेक्टची लेव्हल फरशीच्या माथ्यावर असते, स्ट्रक्चरवाल्यांची कच्च्या स्लॅबच्या माथ्यावर. आपल्या उदाहरणात फरक ५० मिलिमीटरचा. दोन्हींचं नाव मात्र `First Floor` च. चुकीची लेव्हल पकडली तर तुमचा प्रत्येक पाईप ५० नं खालीवर होतो आणि ४२५ च्या पट्टीत ५० म्हणजे खेळ खलास.

जुळलंय का हे तपासायला एका सेक्शनमध्ये बीमच्या तळाला `Spot Elevation` लावा. कागदावरचा २९५० तिथं दिसला तर पुढं जा. २९०० किंवा ३००० दिसला तर काम थांबवून आधी दोन्ही ऑफिसांना फोन करा.

४. ढाळाचा पाईप सगळ्यात आधी

नवीन माणूस सहसा डक्टपासून सुरुवात करतो, कारण डक्ट मोठा दिसतो. पण डक्टचा आकार बदलता येतो. ६०० × ३०० चा डक्ट ८०० × २२५ करता येतो, हवेला फारसा फरक पडत नाही. दाबाच्या पाण्याचा पाईप वर चढवता येतो, खाली उतरवता येतो. केबल ट्रे कुठंही वळते. मैल्याचा पाईप मात्र फक्त उतरतच जातो. मध्ये एकदा जरी वर चढला तर तिथं घाण साठणार. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मैला आणि सांडपाणी, मग एसीच्या थेंबपाण्याचा पाईप, मग डक्ट, मग चिल्ड वॉटर आणि फायर, शेवटी केबल ट्रे.

थेंबपाण्याचा पाईप लोक विसरतात. २५ किंवा ३२ मिलिमीटरचा तर असतो, म्हणून मॉडेलमध्ये कुणी काढत नाही. पण त्यालाही ढाळ लागतो. १:१०० नं १२ मीटर नेला की १२० मिलिमीटर उतरला. फॉल्स सीलिंग लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात छताला पिवळे डाग पडतात, त्यातले बरेच या न काढलेल्या पाईपचे असतात.

रेव्हिटमध्ये ढाळ `Slope Up` किंवा `Slope Down` निवडून, आकडा भरून काढा. ज्या टोकाची उंची पक्की आहे तिथून सुरुवात करा. नंतर मधलं एखादं फिटिंग माऊसनं ओढलंत तर ढाळ बिघडू शकतो, म्हणून शेवटी प्रत्येक तुकड्याचा `Slope` एकदा वाचून घ्या. फिटिंगची फॅमिलीही बघा. सोबत येणारी बरीच फिटिंग अमेरिकन मापाची असतात. आपल्याकडचा ११० मिलिमीटरचा ड्रेनेज पाईप आयएस १३५९२ प्रमाणे येतो, त्याचं बेंड किती जागा खातं ते कंपनीच्या कॅटलॉगमधून मोजून घ्या.

५. एक पाईप, दोन बीम

आता दुसऱ्या मजल्यावरचं एक टॉयलेट घेऊ. स्लॅब खाली बसवलेला नाही, त्यामुळं पाईप स्लॅबखाली, म्हणजे पहिल्या मजल्याच्या छतात लटकणार. शाफ्ट पॅसेजच्या पलीकडं, नऊ मीटरवर दाखवलाय. प्लंबिंग सल्लागारांनी ढाळ १:६० दिलाय. सगळ्यात लांबच्या कमोडखाली बेंड आणि जोड बसवून पाईपचा तळ स्लॅबखाली २५० वर येतो, म्हणजे ३१५० ला.

पहिला बीम पॅसेजच्या अलीकडच्या भिंतीवर, सहा मीटरवर आहे. तिथपर्यंत पाईप १०० उतरला. तळ ३०५०, माथा ३१६०. बीम २९५० पासून सुरू होतो. सरळ टक्कर. दुसरा बीम ८.४ मीटरवर, तिथं पाईपचा तळ ३०१०. तिथंही टक्कर.

बीममधून स्लीव्ह टाकून न्यावा? बीमची खोली तीन भागांत वाटा. मधला भाग ३१५० ते ३३५०. आपला पाईप जवळजवळ पूर्ण खालच्या भागात आहे, जिथं ताणाच्या मुख्य सळया असतात. तिथं भोक मागायलाही जाऊ नका.

वर उचलून मधल्या भागात न्यावा? १६० ची स्लीव्ह बीमच्या मध्यावर, ३२५० ला ठेवली तर पाईपचा तळ तिथं ३१९५ पाहिजे. मागं सहा मीटर ढाळ लावला की सुरुवातीला तळ ३२९५. त्यात ११० मिळवा, माथा ३४०५. स्लॅबचा तळ ३४०० ला आहे. पाईप स्लॅबमध्ये घुसला, बेंड तर लांबच राहिलं.

खाली घेऊन बीमखालून न्यावा? माथा २९२५ ला धरला तर सॉकेटचा फुगवटा धरून तळ साधारण २८०० ला येतो, आणि त्याच पट्टीत डक्ट चाललाय. पाईपला डक्ट ओलांडायचा आहे आणि तिथं जागाच नाही.

तिन्ही वाटा बंद. इथं बरेच जण ढाळ १:१०० करून बघतात. असं करू नका. १:१०० नं सहा मीटरवर पाईपचा तळ ३०९० ला येतो, माथा ३२००. मध्यावर बसत नाहीच, वर पाईप तुंबायची सोय होते. शिवाय ढाळ ठरवणं आपलं काम नव्हे.

चूक पाईपच्या वाटेत नाही, शाफ्टच्या जागेत आहे. टॉयलेटच्याच बाजूला, पॅसेजच्या अलीकडं, साडेतीन मीटरवर चादरी ठेवायची खोली आहे. तिच्या कोपऱ्यातून ६०० × ४५० चा शाफ्ट काढला तर पाईप जेमतेम ५८ उतरतो, तळ ३०९२ ला थांबतो आणि एकही बीम ओलांडावा लागत नाही. पॅसेजच्या छतातून मैल्याचा पाईप गेला नाही हा वरचा फायदा. हॉस्पिटलमध्ये तो तिथं कुणालाच नको असतो.

हा उपाय आर्किटेक्टकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मागायला जाताना दोन गोष्टी तपासलेल्या असाव्यात. एक, त्या जागेवर स्लॅबखाली दुय्यम बीम नाही ना. दोन, शाफ्ट खाली तळमजल्यापर्यंत उतरणार, तिथं कुठली खोली आहे. वरच्या मजल्यावर चादरींचा कोपरा असतो आणि तळमजल्यावर नेमका तिथंच औषध दुकानाचा काउंटर निघतो.

६. डक्ट आणि दाबाचे पाईप

मैल्याचा पाईप पॅसेजमधून हटला की पट्टी मोकळी झाली. ६०० × ३०० च्या डक्टला चारी बाजूंनी २५ चं इन्सुलेशन, म्हणजे ६५० × ३५०. त्यात फ्लँजचा उठाव आणि खालचा आधाराचा चॅनेल धरला की उंची ४०० च्या आसपास जाते. ४२५ च्या पट्टीत बसतो, पण त्याच्या खालून किंवा वरून काही नेता येणार नाही. म्हणून बाकीच्या लाईन शेजारी मांडायच्या. चिल्ड वॉटरचे दोन पाईप इन्सुलेशनसह प्रत्येकी १७५, ट्रे ३००, फायरचा पाईप ९०. डक्ट धरून बेरीज १३९०. मधली आणि भिंतीलगतची अंतरं मिळून सातशे धरली तरी २.४ मीटरच्या पॅसेजमध्ये बसतं.

मग खोलीत जाणारी डक्टची फांदी निघते आणि तिला शेजारचे पाईप ओलांडावे लागतात. फांदीला भिंतीवरच्या बीमखालूनच जायचंय, ती वर उचलता येत नाही. पाईप उचला. दोन आडव्या बीममधल्या खणात चिल्ड वॉटरचे पाईप फांदीवरून चढवून पुन्हा खाली घ्या. पाण्याला दाब आहे, ते चढतं. पण अशा प्रत्येक उडीच्या माथ्यावर हवा अडकते, म्हणून तिथं एअर व्हेंट दाखवा आणि त्याखाली सीलिंगला उघडता येणारी फळी मागा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत बरेच मालक पॅनेल आणि प्लांट तळमजल्यावर ठेवायला तयार नसतात, गच्चीवर मागतात. त्यामुळं मुख्य लाईन वरून खाली येतात आणि सगळ्यात जाड साईज सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात. तिथला पॅसेज आधी सोडवा. खालचे मजले सोपे जातात.

७. क्लॅश टेस्ट लावणे

घाईत तपासायचं असेल तर रेव्हिटमध्येच `Interference Check` आहे. तुमच्या फाईलमधले पाईप आणि डक्ट एका बाजूला, लिंक केलेल्या स्ट्रक्चरमधला `Structural Framing` दुसऱ्या बाजूला निवडा. दोन लिंक फाईल एकमेकींशी मात्र तो तपासत नाही. पूर्ण टेस्ट नेव्हिसवर्क्समध्येच करा.

प्रत्येक मॉडेलमधून एनडब्ल्यूसी फाईल काढा. ती काढताना थ्रीडी व्ह्यूमध्ये काही लपवलेलं नाही याची खात्री करा. चालू व्ह्यूवरून एक्स्पोर्ट करताना लपवलेला बीम फाईलमध्ये येतच नाही, आणि न आलेल्या बीमशी कुठलाच पाईप धडकत नाही. सगळ्या फाईल `Append` करून एनडब्ल्यूएफ म्हणून साठवा.

मग `Clash Detective` मध्ये सगळं विरुद्ध सगळं अशी टेस्ट लावू नका. पाईप त्याच्या क्लॅम्पला धडकतो, डक्ट स्वतःच्या इन्सुलेशनला, आणि यादी हजारांत जाते. छोट्या टेस्ट करा:

- मैला-सांडपाणी विरुद्ध बीम, प्रकार `Hard`, टॉलरन्स शून्याजवळ
- डक्ट आणि डक्टचं इन्सुलेशन विरुद्ध बीम, `Hard`, टॉलरन्स १० मिलिमीटर
- दाबाचे पाईप, त्यांचं इन्सुलेशन आणि ट्रे विरुद्ध बीम, `Hard`, १० मिलिमीटर
- वरचं सगळं विरुद्ध बीम, `Clearance`, २५ मिलिमीटर

टॉलरन्सचा अर्थ दोन्हींत उलटा आहे आणि इथं बरेच जण फसतात. `Hard` मध्ये १० लिहिलं तर १० पेक्षा कमी घुसलेलं सोडून दिलं जातं. `Clearance` मध्ये २५ लिहिलं तर २५ पेक्षा जवळ आलेलं सगळं पकडलं जातं. फाईलचं युनिट मीटर असेल आणि तुम्ही १० लिहिलंत, तर दहा मीटरपर्यंत घुसलेलं माफ! युनिट बघून आकडा भरा.

इन्सुलेशन वेगळा घटक म्हणून येतं. सेटमध्ये ते निवडलं नाही तर ६०० चा उघडा डक्ट तपासला जातो, ६५० चा नाही.

८. यादी वाचताना

पहिल्या फेरीत आकडा मोठा येतो. घाबरू नका, आकड्याला फारसा अर्थ नसतो. एकच डक्ट १५ मिलिमीटर वर राहिला आणि त्यानं आठ बीम ओलांडले, तर आठ क्लॅश दिसतात. निर्णय एकच आहे: डक्ट खाली घ्या. असे क्लॅश `Group` करून एका नावाखाली ठेवा. नाव निर्णयावरून द्या, ‘पॅसेज पहिला मजला, मुख्य डक्ट’ असं. मीटिंगमध्ये आठ फोटो दाखवण्यापेक्षा एक सेक्शन दाखवा.

प्रत्येक गटासमोर चार गोष्टी लिहा: कुठल्या ग्रिडपाशी, किती मिलिमीटर घुसलाय, कुणी सरकायचं, कधीपर्यंत. ‘कुणी’ हा रकाना रिकामा राहिला तर तो क्लॅश पुढच्या मीटिंगलाही तिथंच असतो.

बदल करून टेस्ट पुन्हा चालवली की न सापडलेले क्लॅश आपोआप `Resolved` होतात. पण एखादी फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली आणि लोडच झाली नाही, तरी तिचे सगळे क्लॅश तसेच `Resolved` दिसतात. एका रात्रीत यादी साफ झाली असेल तर आनंद मानायच्या आधी `Selection Tree` मध्ये स्ट्रक्चरची फाईल आहे का ते बघा. आणि `Approved` हा शेरा स्वतःच्या अधिकारात मारू नका. तो मारला की तो क्लॅश पुढं कुणी उघडून बघत नाही.

९. बीममधून जाण्याशिवाय गत्यंतर नसेल तेव्हा

फायरची एखादी लाईन किंवा थेंबपाण्याचा पाईप कधीकधी बीममधूनच न्यावा लागतो. त्याला परवानगी फक्त स्ट्रक्चर सल्लागार देतात, आणि तीही लेखी. फोनवर विचारताना आकडे हाताशी ठेवा. संभाषण साधारण असं होतं:

“सर, फायरच्या लाईनला एक स्लीव्ह लागतेय, १२५ ची.”

“कॉलमच्या तोंडापासून किती अंतरावर?”

“साडेसातशे.”

“तिथं नको. दोन्ही टोकांना बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतर मला मोकळं पाहिजे. मधल्या भागात घे आणि बीमच्या तळापासून किती वर ते कळव.”

ही अडवणूक नसते. आयएस १३९२० प्रमाणे भूकंपरोधक बीममध्ये कॉलमच्या तोंडापासून प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत रिंगा दाट असतात. ६०० च्या बीमला ते अंतर अकराशेच्या आसपास येतं. भूकंपात बीम तिथंच सगळ्यात जास्त सोसतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच सातारा जिल्ह्यातला. इथले स्ट्रक्चरवाले या बाबतीत ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

पाठवायचा कागद एकच ठेवा: बीमचा नंबर, स्लीव्हचा व्यास, कॉलमच्या तोंडापासून मध्याचं अंतर, बीमच्या तळापासून मध्याची उंची, आणि एक सेक्शन. जवळजवळ दोन स्लीव्ह असतील तर त्यांच्यामधलं अंतरही. थ्रीडी मॉडेल उघडायला त्यांना वेळ नसतो, पीडीएफ ते मोबाईलवर बघतात. जादा रिंगा कुठं घालायच्या ते त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या.

१०. सेंट्रिंगवर

मंजूर झालेल्या स्लीव्हचं ड्रॉइंग सळई बांधणाऱ्या मिस्त्रींच्या हातात बांधणी सुरू व्हायच्या आधी पडलं पाहिजे. सळई बांधून झाल्यावर गेलात तर ते दोन रिंगा बाजूला सरकवून स्लीव्ह कोंबतात. सरकवलेल्या रिंगा परत जागेवर येत नाहीत.

ड्रॉइंगवर समुद्रसपाटीपासूनच्या लेव्हल लिहू नका. बीमच्या तळाच्या फळीपासून किती वर, कॉलमच्या तोंडापासून किती लांब, एवढंच. ही मापं टेपनं थेट घेता येतात. स्लीव्ह पाईपपेक्षा मोठी ठेवा, रिंगांना तारेनं बांधा आणि दोन्ही तोंडं थर्माकोल नाहीतर टेपनं बंद करा. नाहीतर स्लरी आत जाऊन भोक भरतं आणि मग तिथंच कोअर कटिंगची मशीन येते.

काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशी स्वतः वर जाऊन प्रत्येक स्लीव्ह मोजा, टेप लावलेला फोटो काढा, आणि फोटोच्या नावात बीमचा नंबर घाला. साईट सुपरवायझरना मॉडेल बघायचं असेल तर एनडब्ल्यूडी फाईल काढून द्या. ती नेव्हिसवर्क्स फ्रीडममध्ये फुकट उघडते. एनडब्ल्यूएफ देऊ नका, त्यात फक्त मूळ फाईलींचे पत्ते असतात, त्यांच्या लॅपटॉपवर रिकामी उघडेल.

एखादी स्लीव्ह राहून गेली आणि बीम भरून झाला, तर प्लंबरला कोअर मशीन लावू देण्याआधी स्ट्रक्चर सल्लागारांना फोन करा आणि दरम्यान मॉडेलमध्ये त्या लाईनसाठी बीमखालची दुसरी वाट शोधून ठेवा. बहुतेक वेळा त्यांचं उत्तर ‘नाही’ असतं, आणि तेव्हा ती दुसरी वाट लगेच पुढं करता येते.